2017 चा एएमटी दोष: आपलं मशीन त्यात येतं का, हे कसं ठरलं

1 मे 2017 ला इंटेलने `INTEL-SA-00075` ही सुरक्षा सूचना काढली आणि 2010 नंतरचे झाडून सगळे इंटेल कॉम्प्युटर धोक्यात असल्याची हाकाटी सुरू झाली. प्रकरण तेवढं सरसकट नव्हतं. दोष एएमटी आणि तिच्या भावंडांमध्ये होता. एएमटी म्हणजे बंद पडलेलं मशीनही आयटी विभागाला दुरून हाताळता यावं यासाठीचं, मुख्य प्रोसेसरपासून वेगळं चालणारं फर्मवेअर.

दोष सापडला एम्बेडी या कंपनीच्या मॅक्सिम माल्युतिन यांना. चूक ऐकून हसावं की रडावं कळत नाही. लॉगिनच्या वेळी किती अक्षरं ताडून पाहायची, हे फर्मवेअर समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरवायचं. उत्तर रिकामं पाठवलं की शून्य अक्षरं ताडली जायची, आणि `admin` म्हणून थेट आत!

आता आपल्या मशीनचं काय? घरगुती मॉडेलमधल्या साध्या फर्मवेअरमध्ये एएमटी नसतंच, तिथे विषय संपला. ऑफिससाठी विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर मात्र आवृत्ती बघावी लागते. लिनक्सवर ती अशी दिसते:

```
cat /sys/class/mei/mei0/fw_ver
```

दोष 6 ते 11.6 या आवृत्त्यांमध्ये होता. समजा `0:9.1.32.1002` असं दिसलं. `:` नंतरची ती आवृत्ती. यातला शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण दुरुस्त आवृत्तीत तो चार अंकी असून 3 ने सुरू होतो. इथे तो 1002 आहे, म्हणजे दोष आहे. पण एएमटी प्रोव्हिजन, म्हणजे वापरासाठी चालू केलेलं नसेल, तर नेटवर्कवरून हल्ला होत नाही. त्या मशीनवर आधीच असलेला साधा युजरच त्याचा फायदा घेऊ शकतो.

इंटेलने दुरुस्ती केली, तरी ती आपल्या मॉडेलसाठी तयार करून देणं मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात होतं, आणि जुन्या मॉडेलवाले वाट बघत राहिले. त्यांच्यासाठी इंटेलने तात्पुरता उपाय दिला: एएमटी अनप्रोव्हिजन करा आणि विंडोजमधली `LMS`, म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमना एएमटीशी बोलू देणारी सेवा, बंद करा. पहिल्याने नेटवर्कचा रस्ता बंद होतो, दुसऱ्याने मशीनवरच्या साध्या युजरचा.

इथे बरेच जण फसले ते फायरवॉलवर भरवसा ठेवून. एएमटीसाठी आलेली पॅकेट्स नेटवर्क कार्डावरूनच परस्पर वळवली जातात, ऑपरेटिंग सिस्टिमला ती दिसतही नाहीत. त्यामुळे 16992 ते 16995 हे पोर्ट राउटरवर किंवा स्विचवरच अडवावे लागतात. तपासणीही त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून करायची:

```
nc -zv 192.168.1.20 16992
```

त्याच मशीनवरून तपासलं तर उत्तर `LMS` देते आणि खरं चित्र कळत नाही. शिवाय इंटेलचं ड्रायव्हर पॅकेज पुन्हा बसवलं तर बंद केलेली `LMS` परत येऊ शकते, म्हणून त्यानंतर ती सेवा पुन्हा बघावी लागते.