लेकीच्या नावापुढे ट्रॅक्टरचा फोटो

मावशीची लेक बर्मिंगहॅमला शिकायला गेली. पोचल्यावर तिने तिथलं सिम घेतलं आणि मैत्रिणीच्या फोनवरून नवा नंबर कळवला. मावशीने तो चष्मा लावून, अंकन् अंक तपासून सेव्ह केला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जायला लागला: "जेवलीस का? थंडी फार आहे का?" दोन टिका यायच्या, निळ्याही व्हायच्या, पण उत्तर काही यायचं नाही. नावापुढच्या गोलात एका लाल ट्रॅक्टरचा फोटो होता. तिथे शेतावर सहलीला गेली असेल, असं मावशीला वाटलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं, "काकू, तुम्ही कोण?"

त्याच संध्याकाळी लेकीचा साधा फोन आला. स्क्रीनवर तिचंच नाव उमटलं. "आई, तू एकही मेसेज का करत नाहीस?" दोघीही रडकुंडीला आल्या होत्या. मी तेव्हा मावशीकडेच होतो, म्हणून फोन हातात घेऊन बघितला. सेव्ह केलेला नंबर असा होता (शेवटचे तीन अंक मी झाकले आहेत, आणि बाकीचे ब्रिटनमध्ये नाटक-सिनेमात दाखवण्यासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतले घेतले आहेत, म्हणजे कुणाचा खरा नंबर इथे येणार नाही):

```
07700 900×××
```

यातला एकही अंक चुकलेला नव्हता. लेक तिथल्या मैत्रिणींना हाच नंबर सांगत होती आणि त्यांचे फोन तिला व्यवस्थित लागत होते. तरीही सांगलीतून तोच नंबर भारतातल्याच कुणा ट्रॅक्टरवाल्या माणसाकडे जात होता.

ब्रिटनमधले मोबाइल नंबर 07 ने सुरू होतात आणि एकूण ११ अंकी असतात. त्यातलं पहिलं शून्य हा खरं तर नंबराचा भागच नाही. "हा नंबर देशातल्या देशात लावतोय" अशी ती तिथल्या एक्स्चेंजसाठी खूण आहे. आपल्याकडेही अशीच खूण आहे. पूर्वी बाहेरगावचा फोन लावताना आपण आधी शून्य लावायचो, आणि जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावतानाही ते लावावं लागतं. आपले मोबाइल नंबर १० अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. म्हणजे भारतातल्या फोनला 07700 900××× दिसलं, की त्याला ते "शून्य, आणि पुढे 7 ने सुरू होणारा १० अंकी भारतीय मोबाइल" असंच वाचता येतं. अंकांची संख्याही तंतोतंत जुळते. त्यामुळे फोन कुरकुर करत नाही आणि नंबर चुकीचा असल्याचंही सांगत नाही. तो नंबर भारतात कुणाकडे चालू असेल तर फोन सरळ तिथे लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपचंही असंच होतं. ते तुमच्या फोनबुकमधले नंबर वाचतं आणि प्रत्येकाचं देशाच्या कोडसकट पूर्ण रूप तयार करतं, कारण त्याच्याकडे प्रत्येक खातं त्या पूर्ण रूपातच नोंदलेलं असतं. नंबराला प्लस आणि कोड नसेल, तर तुमचं स्वतःचं खातं ज्या देशाच्या नंबरावर आहे तोच देश ते धरून चालतं. मावशीचं खातं 91 वर आहे. म्हणून लेकीच्या नंबरातलं शून्य गळून त्याजागी 91 लागला आणि निरोप बर्मिंगहॅमला जायच्या ऐवजी देशातच फिरला.

मग लेकीचा फोन आला तेव्हा नाव बरोबर कसं दिसलं? येणाऱ्या नंबराचं नाव शोधताना फोन बहुतेक वेळा शेवटचे काही अंकच जुळवून पाहतो, आणि ते तर दोन्हीकडे सारखेच होते. त्यामुळे येणारा फोन नावासकट येतो आणि जाणारा भलतीकडे जातो. ही चूक अनेक घरांत महिनोन्‌महिने लक्षात येत नाही ती याचमुळे. "तिचा येतो, माझा लागत नाही" असं कुणी म्हणालं, की आधी प्लस आहे का ते बघावं.

आता त्या प्लसविषयी. आपण तो अंकांच्या आधी लिहितो, पण अंकासारखा तो नेटवर्कवर पुढे जात नाही. फोन लावताना मोबाइल अंकांबरोबर नेटवर्कला एक छोटी नोंद पाठवतो: हा नंबर कुठल्या प्रकारचा आहे. प्लस नसेल तर नोंद "माहीत नाही" अशी जाते, आणि तुम्ही ज्या नेटवर्कवर असाल ते आपल्या देशाच्या नियमाने नंबर वाचतं. प्लस असेल तर नोंद "आंतरराष्ट्रीय" अशी जाते, आणि मग पहिले अंक देशाचा कोड म्हणूनच वाचले जातात. पत्रावर गल्ली आणि घर क्रमांक लिहून देश लिहायचा राहिला, तर पोस्टमन त्याच नावाची गल्ली आपल्याच गावात शोधणार. मावशीच्या नंबराचं तेच झालं होतं.

प्लसऐवजी 00 लावलं तर चालतं का? भारतातून चालतं, ब्रिटनमधूनही चालतं. पण अमेरिकेतून बाहेरच्या देशात फोन करायचा तर 011 लावावं लागतं, ऑस्ट्रेलियातून 0011 आणि जपानमधून 010. म्हणजे 00 लावून सेव्ह केलेला नंबर तुम्ही अमेरिकेतल्या एडिसनला मुलाकडे गेलात की निकामी होतो. प्लसचा अर्थ "इथे जे लावायचं असेल ते तूच लाव" असा आहे, आणि ते काम नेटवर्क करतं. म्हणून प्लस लावलेला नंबर सगळीकडून चालतो.

पुढच्या कोडचीही एक सुंदर रचना आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जग नऊ विभागांत वाटलं आहे. 1 हा उत्तर अमेरिकेचा, 3 आणि 4 युरोपचे, आणि 9 ने सुरू होणारे कोड मुख्यतः आपल्या आणि आपल्या पश्चिमेकडच्या भागाचे. कोड एक ते तीन अंकी असतात आणि संपूर्ण नंबर कोड धरून जास्तीत जास्त १५ अंकी. कुठलाही कोड दुसऱ्या कोडाची सुरुवात नसतो. भारताचा 91 आहे, म्हणून 910 ते 919 यांपैकी कुठलाच कोड कुणाला देता येत नाही. 9 नंतर 7 आला तर आणखी एक अंक पाहावा लागतो: 971 असेल तर संयुक्त अरब अमिरात, 977 असेल तर नेपाळ. यामुळे कोड कुठे संपला हे सांगायला मध्ये रेघ किंवा मोकळी जागा लागत नाही. डावीकडून वाचता वाचताच ते कळतं.

याच रचनेमुळे दुसरी एक चूक मात्र फार दूर नेते. काही जण कोड न घालता नुसताच प्लस लावतात. 98 ने सुरू होणाऱ्या आपल्या मोबाइल नंबरापुढे नुसता प्लस लावला, तर तो इराणचा झाला, कारण 98 हा इराणचा कोड आहे. 94 ने सुरू होणारा श्रीलंकेत जातो. एडिसनच्या परिसरातले बरेच नंबर 732 ने सुरू होतात. त्यापुढे 1 न घालता प्लस लावला तर पहिला 7 रशिया-कझाकस्तानचा ठरतो. अमेरिकेचा नंबर १० अंकी असतो, त्यामुळे असा 7 ने सुरू होणारा नंबर प्लसशिवाय ठेवला तर तोही आपल्याकडच्या मोबाइलसारखाच दिसतो. म्हणजे तिथेही ट्रॅक्टर भेटू शकतो.

मावशीचा नंबर आम्ही असा दुरुस्त केला: सुरुवातीचं शून्य काढलं, त्याजागी +44 घातलं, बाकीचे अंक तसेच ठेवले.

```
+44 7700 900×××
```

प्लस कुठे सापडतो हे मावशीला माहीत नव्हतं. डायल करायच्या पानावर 0 चं बटण थोडा वेळ दाबून धरलं की तो येतो. मधल्या मोकळ्या जागांनी काही फरक पडत नाही. व्हिजिटिंग कार्डावर कधीकधी +44 (0)7700 असं छापलेलं असतं. त्यातलं कंसातलं शून्य देशातल्या देशात लावण्यासाठी आहे, सेव्ह करताना ते गाळायचं. दुबईचा 05 ने सुरू होणारा मोबाइल +971 5 असा होतो, ऑस्ट्रेलियाचा 04 वाला +61 4 असा. इटलीचे लँडलाइन नंबर मात्र या नियमाला अपवाद आहेत. रोमचा नंबर 06 ने सुरू होतो आणि +39 नंतरही ते शून्य ठेवावंच लागतं.

नंबर बदलल्यावर मावशीने व्हॉट्सअ‍ॅपची यादी ताजी केली. ट्रॅक्टर गेला आणि लेकीचा विमानतळावर काढलेला फोटो आला. फोटोवरून खात्री झाली तरी मी तिला आधी आवाजी निरोप पाठवायला सांगितलं, कारण उत्तरातला आवाज ऐकला की शंका उरत नाही.

नंबर बिनचूक असूनही गाठ पडत नाही, अशाही दोन गोष्टी आहेत. बरीच मुलं परदेशी सिम घेतात, पण व्हॉट्सअ‍ॅप जुन्या 91 च्या नंबरावरच ठेवतात. अशा वेळी +44 चा नंबर कितीही नीट सेव्ह केला तरी व्हॉट्सअ‍ॅप त्याला निमंत्रण पाठवायला सांगतं. तेव्हा "तुझं व्हॉट्सअ‍ॅप कुठल्या नंबरावर आहे?" हे विचारून एकाच नावाखाली दोन्ही नंबर ठेवावेत. दुसरी गोष्ट अमिरातीची. तिथल्या नियमांमुळे व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल बराच काळ अडवलेले आहेत, मेसेज मात्र पोचतात. मेसेजवर दोन टिका येतात पण कॉल लागत नाही, तर नंबरात दोष शोधत बसू नये. आणि +971 ला साधा फोन लावायचा तर आपल्या सिमवर आयएसडी चालू आहे का आणि मिनिटाला काय दर आहे, हे आधी पाहावं. प्लस फोन योग्य ठिकाणी नेतो, पण बिल तुमचंच असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी स्वतः बर्मिंगहॅमला जाणार आहे आणि तिथे तिथलंच सिम घेणार आहे. तिच्या फोनबुकातले काका, गॅसवाला, डॉक्टर आणि शेजारीण सगळे साधे १० अंकी आहेत. तिच्या खात्याचा नंबर 91 चाच राहिला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यांना ओळखेल, पण ब्रिटनच्या सिमवरून लावलेला साधा फोन त्यांना लागणार नाही. म्हणून दर रविवारी आम्ही दहा-दहा नावं घेऊन बसतो. ती नाव वाचते, मी +91 घालतो. डॉक्टरांच्या दवाखान्याचा लँडलाइन नंबर आला तेव्हा तिनेच मला थांबवलं: "0233 मधलं शून्य काढ रे आधी."