सर्दीसाठी अँटिबायोटिक मागण्याआधी एवढं वाचा

काउंटरवर दिवसभरात एक संवाद ठरलेला असतो. "सर्दी झालीय. मागच्या वेळी तीन गोळ्यांचा कोर्स घेतला होता, एकदम मोकळं वाटलं. तोच द्या." आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की उत्तर येतं, "साध्या सर्दीला चिठ्ठी कशाला?" तेवढ्यात मागची रांग वाढते, आणि नीट समजावून सांगायला ना आम्हाला वेळ मिळतो ना ऐकून घ्यायला तुम्हाला. म्हणून हे लिहून ठेवलं आहे. घरी निवांत वाचा.

मुद्दा असा की सर्दी साधी असते, म्हणूनच ती गोळी तिच्यावर चालत नाही. सर्दी होते विषाणूंमुळे, बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसमुळे. त्याचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, शिवाय सर्दी करणारे इतर विषाणू वेगळे. अँटिबायोटिक बनलेलं असतं जिवाणूंसाठी. जिवाणू ही स्वतंत्र जिवंत पेशी असते. बहुतेक जिवाणूंना बाहेरून कडक भिंत असते, आणि आत प्रथिनं तयार करणारी स्वतःची यंत्रणा असते. अमॉक्सिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटून मरतो. तुम्ही मागता ते अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला जाऊन चिकटतं आणि तिचं काम थांबवतं.

विषाणूला ना अशी भिंत, ना अशी यंत्रणा. तो तुमच्या नाकाच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसून त्याच्याच भांड्यांत रांधावं, तसा. आपल्या पेशींची यंत्रणा जिवाणूंपेक्षा वेगळ्या घडणीची आहे. औषध तिला धक्का लावत नाही, म्हणून तर ते आपण गिळू शकतो. पण त्याच कारणाने आतल्या विषाणूचं काम बिनधास्त चालू राहतं. पॉवर वाढवून, म्हणजे २५० ऐवजी ५०० ची गोळी घेऊनही यात फरक पडत नाही. औषधाने जिथे पकडायचं, ती जागाच विषाणूत नाही.

"पण मला तर गुण आला होता!"

हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ते खोटंही नसतं. गोळी घेतली, बरं वाटलं, हे दोन्ही घडलेलं असतं. फक्त दिवस मोजून बघा. समजा सोमवारी घसा खवखवायला लागला. मंगळवारी नाक वाहू लागलं, अंग मोडून आलं. बुधवारी त्रास सर्वांत जास्त, कारण सर्दीचा जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. गुरुवारी शेंबूड घट्ट आणि पिवळा झाला. आता "हे वाढतंय" असं वाटून तुम्ही दुकानात येता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रोज एक गोळी होते आणि रविवार-सोमवारकडे नाक मोकळं होतं. श्रेय अर्थातच गोळीला! पण बहुतेक सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप जाते. गुरुवारी तुम्ही नुसतं पाणी पिऊन घरी बसला असता, तरी सोमवार असाच उजाडला असता.

पिवळ्या-हिरव्या रंगामुळे तर चांगली शिकलेली माणसंही फसतात. रंग बदलला म्हणजे "इन्फेक्शन झालं" असं समजतात. तो रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट द्रव्यामुळे. विषाणूशी लढायला त्या पेशी नाकात जमतात, मग फुटतात, आणि त्यांच्यातला रंग शेंबडात उतरतो. साध्या सर्दीतही हे होतंच. नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत की नाहीत हे डॉक्टरही ठरवत नाहीत.

"उपयोग नसेल, पण तोटा तरी काय?"

मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ हे तोटे बहुतेकांना माहीत असतात. न दिसणारा तोटा असा की विषाणूला न लागलेली गोळी तुमच्या घशातल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंना मात्र लागते. त्यातले कमजोर मरतात आणि औषधाला न जुमानणारे वाढतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना अझिथ्रोमायसिन दिलं, तर त्यांच्या घशात असे चिवट जिवाणू सहा महिन्यांनंतरही सापडले. कोर्स होता तीन दिवसांचाच. पुढे खरोखर न्युमोनिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला की असे जिवाणू महागात पडू शकतात, कारण नेहमीचं औषध तेव्हा लागू पडेलच असं नाही.

म्हणून आम्ही ही गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही. ती विकून चार पैसे आम्हालाही मिळाले असते, तेव्हा यात आमचा आडमुठेपणा आहे असं कृपया समजू नका.

मग डॉक्टरांकडे कधी जायचं?

दहा दिवस होऊनही उतार नसेल, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला आणि गाल-कपाळ ठणकू लागलं, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. घसा जबरदस्त दुखतोय, ताप आहे, गळ्याच्या गाठी सुजल्यात, पण नाकही वाहत नाही आणि खोकलाही नाही, तर तेही दाखवून घ्या. अशा वेळी अँटिबायोटिक खरंच लागू शकतं, आणि चिठ्ठी आणलीत की आम्ही लगेच देऊ. धाप लागणं, छातीत दुखणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर आधी दवाखाना गाठा, आमच्याकडे थांबू नका. नुसता खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

तोवर काय घ्यायचं?

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल. इथे एक चूक वारंवार होते. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि लोक वरून तापाची वेगळी गोळी घेतात. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडायची नसते, नाहीतर यकृताला इजा होऊ शकते. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी खाली येते. घरातल्या स्ट्रिपा घेऊन या, कशात काय आहे ते आम्ही विनामूल्य बघून सांगतो.

नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचा स्प्रे हवा तितक्या वेळा मारता येतो. नाक झटकन उघडणारे औषधी थेंब पाच दिवसांच्या पुढे नकोत, कारण मग ते थांबवताच नाक आणखी चोंदतं. दोन्ही आमच्याकडे असतात. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर सर्दीची कुठलीही गोळी घेण्याआधी आम्हाला विचारा, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं मिश्र औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

येताना एवढं सांगा: सर्दी कोणत्या दिवशी सुरू झाली, ताप मोजला तर किती, आणि आणखी कोणती औषधं चालू आहेत. काउंटरवर मिनिटभरात काम होईल. घरात जुन्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्याही सोबत आणा. त्या आम्ही ठेवून घेतो.