सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ आणि ‘ए.कु.मॅ.’: अज्ञानाचा हिस्सा कोण विकू शकतो?

नाशिक भागात जमीन घेताना सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद दिसते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दुसऱ्या उताऱ्यावर मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं असतं. दोघंही दुसऱ्याच्या वतीने सही करतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. हिंदू कायद्यात मात्र त्यांचे अधिकार वेगळे आहेत.

निफाडची वडिलोपार्जित, वाटणी न झालेली द्राक्षबाग घ्या. वडील हयात आहेत आणि तेच कर्ते आहेत. कुटुंबाचं कर्ज फेडायला त्यांनी बागेचा तुकडा विकला, तर त्यातल्या मुलाच्या अविभक्त हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 8 तिथे लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितलं आहे. पण गरज खरी हवी, आणि घेणाऱ्याने तिची चौकशी केलेली हवी.

आता पाथर्डी फाट्यावरचा प्लॉट पाहा. तो वडिलांनी स्वतः घेतलेला, आणि ते मृत्युपत्र न करता वारले. मागे त्यांची आई, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. प्रत्येकीला एक तृतीयांश. प्लॉट 60 लाखांना जात असेल, तर 20 लाख मुलीचे. हा तिचा स्वतंत्र हिस्सा आहे, एकत्र कुटुंबाचा नाही. आई नैसर्गिक पालक असली तरी कलम 8 प्रमाणे विक्रीआधी परवानगी घ्यावीच लागते, कारण अज्ञानाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकायला हे कलम कोणत्याही नैसर्गिक पालकाला मनाई करतं.

अर्ज मिळकत जिथे आहे तिथल्या, म्हणजे इथे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात करायचा. मृत्यू आणि जन्माचे दाखले, मिळकतीचे उतारे, वारस नोंदीचा फेरफार, मूल्यांकन अहवाल, आणि ‘परवानगी मिळाल्यास’ अशी अट घातलेला विक्रीचा करार जोडावा. कोर्ट दोनच गोष्टी पाहतं: गरज किंवा मुलीचा उघड फायदा. ‘पैशांची अडचण आहे’ एवढं लिहून भागत नाही. किती कर्ज थकलंय, शाळेचा खर्च किती, हे कागदांसह मांडावं. मंजुरी देताना मुलीचे 20 लाख ती 18 ची होईपर्यंत तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अट कोर्ट घालू शकतं.

परवानगी न घेता खरेदीखत केलं, तर दस्त नोंदलाही जाऊ शकतो. पण नोंदणीने हा दोष जात नाही. व्यवहार आपोआप रद्द नसतो. मुलीला तो रद्द करून घेता येतो, आणि दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे आज प्लॉट घेणाऱ्याच्या डोक्यावर 13 वर्षं टांगती तलवार.

काका किंवा आजोबांनी ‘अ.पा.क.’ म्हणून सही केली तर दोष आणखी मोठा, कारण ते नैसर्गिक पालकच नाहीत. कोर्टाने त्यांना पालक नेमलं, तरी त्या आदेशाने विक्रीचा अधिकार मिळत नाही; तो स्वतंत्रपणे मागावा लागतो.

उताऱ्यावरच्या शब्दावर मात्र विसंबू नका. तलाठ्याने ‘ए.कु.मॅ.’ लिहिलं म्हणून मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. जुने फेरफार काढा आणि मिळकत मुलाकडे कशी आली ते बघा. निफाडच्या त्याच बागेत वडील वारले, की त्यांचा हिस्सा वारसांकडे वारसाहक्काने जातो. त्यातून मुलाला मिळालेल्या वाट्यासाठी मग कलम 8 ची परवानगी घ्यायची.