सहा गुण, दोन वेळा

मिडवायफरीच्या कोर्सला आम्हाला एका बाळंतिणीचा अभ्यास लिहायचा होता. विषय होता बाळंतपणानंतरचं नैराश्य. माझ्या वाट्याला आली केज तालुक्यातल्या एका गावची, माहेरी बाळंत झालेली एकवीस वर्षांची मुलगी. दुसरी खेप, दुसरी मुलगी. नवरा ऊसतोडीला गेलेला. अडतिसाव्या दिवशी घरी जाऊन मी तिला दहा प्रश्न विचारले, बेरीज केली आणि वहीत लिहिलं: एकूण गुण ६, काळजीचं कारण नाही. सहाच दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा बेरीज सोळा आली.

हे दहा प्रश्न म्हणजे एडिंबरा प्रसूतीपश्चात नैराश्य मापनी. कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की या तिघांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं असतात, त्यांना शून्य ते तीन गुण असतात आणि सगळे मिळून जास्तीत जास्त ३० होतात. तेरा किंवा जास्त गुण आले तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच असते. गावपातळीवर कुणी निसटू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी दहालाच थांबून नीट चौकशी करतात. पण हे निदान नव्हे. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, कशामुळे आहे ते सांगत नाही, तसंच हे.

या मापनीत भूक, थकवा, अंगदुखी यांबद्दल एकही प्रश्न नाही, आणि ते मुद्दामच. नैराश्याच्या इतर प्रश्नावल्यांमध्ये हे सगळं असतं. पण दीड महिन्याची बाळंतीण थकलेली नसेल तर कोण असेल? तिला ते प्रश्न विचारले तर प्रत्येक बाळंतीण आजारी ठरेल. झोपेचा प्रश्न आहे, पण त्याची मेख शब्दांत आहे: मन इतकं खिन्न होतं की झोप लागेना, असं झालं का? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी तो नुसता ‘झोप येते का?’ असा विचारला होता आणि अर्थातच सगळ्या बायांनी ‘कुठली झोप, पोरगी रात्रभर रडते’ असं सांगितलं. मी आता असं विचारते, ‘बाळ शांत झोपलंय, तरी तुझा डोळा लागत नाही, असं होतं का?’

गुण देतानाही एक गफलत हमखास होते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात पहिलं उत्तर सगळ्यात चांगलं असतं, म्हणून त्याला शून्य. उरलेल्या सात प्रश्नांत पहिलं उत्तर सगळ्यात वाईट, म्हणून त्याला तीन. एका मैत्रिणीने सगळीकडे पहिल्या उत्तराला शून्य दिले आणि हसतखेळत असलेली एक बाई तिच्या कागदावर गंभीर आजारी निघाली.

माझी चूक बेरजेची नव्हती. अडतिसाव्या दिवशी सव्वा महिना उलटला होता, पण बाज अजून त्याच खोलीत होती आणि शेगडीतली राख तशीच होती. आई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. मी प्रश्न विचारायची आणि उत्तर आधी आईकडून यायचं. ‘रडतीस का गं?’ म्हटलं की आई म्हणायची, ‘कशाला रडंल? लाडू खातीय, आंघोळ-शेक सगळं येळेवर हाय.’ मुलगी मान हलवायची. आईच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. लेकीचं बाळंतपण नीट झालं नाही असं गावात कळलं तर बोल तिच्यावर येणार होता. मापनीचा नियम असा की बाईने उत्तरं स्वतःची, एकटीने द्यायची. वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवायचं, पण समजावून सांगत बसायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत एकटी वेळ हीच सगळ्यात दुर्मिळ गोष्ट असते, आणि ती कुठून आणायची हे पुस्तकात नाही.

ती एकटी वेळ मला लसीकरणाच्या दिवशी सापडली. सहा आठवड्यांच्या लसी दिल्यावर बाळाला उपकेंद्रात अर्धा तास थांबवून ठेवतात. आशाताईंनी आजी आणि नात दोघींना ओट्यावर नेऊन बसवलं आणि मी तिला घेऊन मागच्या खोलीत बसले. दार लावलं. पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, हसू येतं, पण आधीसारखं नाही. एक गुण. पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, याला बराच वेळ गप्प, मग ‘आता कशाची ओढ.’ दोन. तिसरा प्रश्न असतो काही बिनसलं की उगाच स्वतःला दोष देण्याचा. मी वाचून संपवायच्या आत ती म्हणाली, ‘माझ्यामुळंच तर मोडला ना कोयता.’

ज्यांना ऊसतोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडी भरते, तेव्हा एक कोयता होतो. बायको घरी राहिली तर तो अर्धा कोयता. तिच्या नवऱ्याने उचल जोडीची घेतली होती आणि गेला होता एकटा. फिटणार अर्धीच, बाकीची पुढच्या हंगामाच्या मानेवर. त्यात पुन्हा मुलगी झाली. या प्रश्नाला पूर्ण तीन गुण. काळजी दोन, कारण नसताना धडकी भरणं एक, सगळं अंगावर आल्यासारखं वाटणं दोन, झोप एक, उदास दोन, रडू एक.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो कसा विचारावा म्हणून आमच्यातल्या कित्येकींची जीभ अडखळते. विचारल्याने तो विचार मनात रुजेल अशी भीती असते. तसं होत नाही, उलट बाईला सुटल्यासारखं वाटतं. ती म्हणाली, ‘क्वचित. एकदा रात्री वाटलं, आपण नसलो तर बरं.’ एक गुण. एकूण सोळा. पण दहाव्या प्रश्नाला शून्याच्या वर काहीही आलं की बेरीज चार असो की चोवीस, तिथेच थांबून पुढचं विचारायचं असतं. असं शेवटचं कधी वाटलं? कसं करायचं हे ठरवलं होतं का? बाळाला काही करावंसं वाटलं का? तिने काही ठरवलं नव्हतं, विचार दहा दिवसांपूर्वीचा होता आणि बाळाबद्दल तसं काही नव्हतं. तरी घरात कापसावर फवारायचं औषध कुठे आहे ते मी विचारलं. बाजेखाली होतं. त्याच संध्याकाळी तिच्या भावाने ते शेतातल्या खोलीत कुलपात ठेवलं. रात्री तिच्याजवळ आई झोपेल असं ठरलं, टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये घातला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुष्कळ बाळंतिणी विनाकारण रडतात, चिडतात. ते दोन आठवड्यांत आपसूक ओसरतं, म्हणून त्या काळात ही मापनी लावून घाई करू नये. दुसरी गोष्ट हजारात एकदोघींनाच होते, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत: बाई झोपेविना राहते, असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाहीच म्हणते. घरचे बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेतात. हा प्रसूतीनंतरचा मनोविकार आहे, त्याला प्रश्नावली नको, त्याच दिवशी दवाखाना हवा.

डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन तपासलं, ते ८.४ होतं. थायरॉइडही पाहिलं, ते ठीक होतं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं, रक्त कमी असतं आणि दोन्हींत बाई मलूल, उदास दिसते, म्हणून हे आधी बघायचं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला पाहिलं आणि सांगितलं की आधी दर आठवड्याला बोलणं सुरू करा, दोन आठवड्यांत उतार नसेल तर स्तनपानात चालणारी गोळी देऊ.

हे ‘बोलणं’ म्हणजे काय? मापनीच्या तिघा कर्त्यांपैकी होल्डन यांनी १९८९ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमधल्या गृहभेटी देणाऱ्या नर्सना थोडं प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्य असलेल्या बायांकडे आठ आठवडे, दर आठवड्याला निदान अर्धा तास पाठवलं. काम एकच, ऐकणं. सल्ला द्यायचा नाही. तीन महिन्यांनी २६ पैकी १८ जणी बऱ्या झाल्या होत्या. ज्यांच्याकडे नेहमीच्याच भेटी झाल्या त्या २४ पैकी ९ बऱ्या झाल्या. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. ऐकण्याने फरक पडला, पण आठ जणींना ते पुरलं नाही, आणि काही जणी त्याशिवायही सावरल्या.

सल्ला न देणं आपल्याकडे किती अवघड! पहिल्या भेटीत तिने कोयत्याचं काढलं आणि मी लगेच म्हणाले, ‘अगं, पैसे काय, पुढच्या वर्षी फिटतील. लेकराकडे बघ.’ ती ‘हो’ म्हणाली आणि गप्प झाली. उरलेली वीस मिनिटं तिने मला बाळाच्या शी-शूबद्दल सांगितलं. दुसऱ्या भेटीत आम्ही शेवग्याखाली बसलो आणि मी तेवढंच म्हटलं, ‘तुला वाटतं की हे सगळं कर्ज तुझ्या अंगावर आहे.’ मग तिने जे सांगितलं ते उचलीचं नव्हतंच. पहिल्या खेपेला ती सातव्या महिन्यापर्यंत फडात मोळ्या वाहत होती. या खेपेला तिने स्वतः हट्ट करून घरी राहायचं ठरवलं होतं. मुलगी झाली तेव्हा सासू फोनवर म्हणाली, ‘ह्याच्यासाठी बसली होतीस व्हय घरी?’ ते वाक्य ती रोज रात्री ऐकत होती. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं, आणि गरिबी, नवऱ्याशी संबंध आणि मुलगी होणं हे धागे त्यातही होते.

चौथ्या भेटीत तिच्या परवानगीने आईला बसवलं आणि नवऱ्याला फोन लावला. तो फडातून बोलत होता, मागे ट्रॅक्टर चालू. तो एवढंच म्हणाला, ‘तू घरी राहिलीस ते बरं केलंस. इथं लई थंडी हाय, लेकरू टिकलं नसतं.’ उचल तेवढीच राहिली. सासूचं काय करायचं ते मला जमलं नाही, आणि एप्रिलमध्ये ती सासरी जाणार होती.

दोन आठवड्यांनी तिचे गुण तेरा, चार आठवड्यांनी नऊ. आशाताईंच्या बाळंतपणानंतरच्या ठरलेल्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, म्हणून पुढच्या भेटी त्यांनी लसीकरणाच्या तारखांना जोडून घेतल्या. नैराश्य बाळंतपणानंतर वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं आणि तेव्हा घरी फारसं कुणी जात नाही.

आठव्या आठवड्याला बेरीज पुन्हा सहा आली. त्या दिवशीही आई उंबऱ्यातच होती, निवडणं चालू होतं. मी तिसरा प्रश्न वाचला. आईने तोंड उघडलं आणि मुलगी म्हणाली, ‘थांब माय, मला इचारलंय.’