डेल्फी पद्धत : परिचर्या शिक्षणातील नव्या साधनाची आशय-वैधता

नव्याने तयार केलेली चेकलिस्ट, गुणांकन-पत्रिका किंवा प्रश्नावली जे मोजायला निघाली आहे तेच मोजते का, यावर त्या विषयातील जाणकारांचे मत एकापेक्षा अधिक फेऱ्यांत घेण्याची आणि ते मत कुठे जुळते, कुठे जुळत नाही हे आकड्यांनी दाखवण्याची रीत म्हणजे डेल्फी पद्धत. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५०च्या दशकात नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी ती लष्करी अंदाजांसाठी वापरली. त्यांचा लेख १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आरोग्य आणि शिक्षण या क्षेत्रांनी ती उचलली. सदस्यांनी एकमेकांसाठी निनावी राहणे, फेऱ्या पुन्हा घेणे, दोन फेऱ्यांच्या मध्ये गटाचे मत प्रत्येकाला कळवणे आणि शेवटी निकाल आकड्यांत मांडणे, ही तिची चार अंगे होत.

नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्यामुळे एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ‘टूल व्हॅलिडेशन’ हा शब्द नवा नाही. साधनाच्या प्रती तज्ज्ञांकडे जातात, ‘योग्य’, ‘बदल हवा’, ‘अयोग्य’ या रकान्यांत खुणा होतात, शेरे येतात आणि प्रबंधाच्या परिशिष्टात व्हॅलिडिटी सर्टिफिकेट लागते. हे काम उपयोगाचे आहे, पण ही डेल्फी नव्हे. इथे प्रत्येक तज्ज्ञ एकटाच बोलतो. दुसऱ्याने उलट मत दिले आहे हे त्याला कधीच कळत नाही आणि दोन विरुद्ध शेऱ्यांचा निवाडा विद्यार्थी आपल्या गाईडला विचारून करतो. डेल्फीत तो निवाडा पुन्हा तज्ज्ञांच्या मंडळासमोरच जातो.

समजा, बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे रक्तसंक्रमणाचे कौशल्य ऑस्की या स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत तपासण्यासाठी २२ मुद्द्यांची चेकलिस्ट बनवायची आहे. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातल्या अडचणी नेहमीच्याच आहेत. मंडळात दहा जण : वैद्यकीय-शल्य परिचर्येच्या पाच प्राध्यापिका, वॉर्ड सांभाळणाऱ्या तीन इनचार्ज सिस्टर, रक्तपेढीच्या एक वैद्यकीय अधिकारी आणि ऑस्कीचा अनुभव असलेल्या एक परीक्षक. दहाच्या दहा प्राध्यापिका घेतल्या असत्या तर एकमत लवकर झाले असते, आणि ते एका स्टाफरूमचे एकमत ठरले असते. ‘तज्ज्ञ’ कोणाला म्हणायचे याचा निकष, म्हणजे किती वर्षांचा अनुभव आणि कुठल्या कामाचा, नावे ठरवण्याआधी लिहून ठेवावा लागतो. मग ‘आमच्या ओळखीच्या मॅडम’ हा निकष आपोआप गळतो.

मूळ पद्धतीत पहिली फेरी मोकळ्या प्रश्नाची असते : या कौशल्यात काय काय तपासावे? पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हातातला वेळ पाहता बहुतेक जण सुधारित डेल्फी करतात. मार्गदर्शक सूचना आणि संशोधन साहित्य वाचून मुद्द्यांची यादी आधीच तयार करतात, पहिल्या फेरीपासून गुण मागतात आणि प्रत्येक मुद्द्याखाली शेऱ्यासाठी जागा सोडतात. आपल्या उदाहरणातही तसेच केले आहे. गुण १ ते ४ : १ म्हणजे असंबद्ध, २ म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, ३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीने चालेल, ४ म्हणजे पूर्ण संबद्ध. मधला ‘सांगता येत नाही’ हा आकडा मुद्दाम ठेवलेला नाही. ३ किंवा ४ देणाऱ्यांची संख्या भागिले उत्तर देणाऱ्यांची एकूण संख्या, हा त्या मुद्द्याचा आशय-वैधता निर्देशांक. तो आय-सीव्हीआय या नावाने ओळखला जातो.

किती निर्देशांक पुरेसा, हे मंडळाच्या आकारावर ठरते. तीनच तज्ज्ञ असतील आणि तिघांनीही नाणे उडवून ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवले, तरी तिघांचा ‘हो’ येण्याची शक्यता आठात एक इतकी असते. दहा जणांत तीच शक्यता १,०२४ मध्ये एक होते. म्हणूनच मेरी लिन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या नियमात पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर सर्वांचे जुळायला हवे, म्हणजे निर्देशांक १.०० हवा. सहा ते दहा जणांसाठी ०.७८ हा उंबरठा साधारण मानला जातो. दहा जणांत त्याचा अर्थ किमान आठ. हा उंबरठा सिनॉप्सिसमध्येच लिहिलेला असावा. निकाल हातात आल्यावर ठरवलेला उंबरठा नेहमी सोयीच्या जागीच सापडतो.

पहिल्या फेरीत सहावा मुद्दा अडला : ‘रुग्णाची ओळख पटवून संमतीपत्र तपासणे’. सात जणांनी ४ दिले, तिघांनी २. आकडा पाहून मुद्दा काढून टाकला असता तर रुग्णाची ओळख पटवणे हीच पायरी चेकलिस्टमधून गेली असती. शेरे वाचल्यावर उलगडा झाला. २ देणाऱ्यांना ओळख पटवणे मान्यच होते, त्यांची हरकत अशी होती की संमती घेणे डॉक्टरांचे काम आहे. एका वाक्यात दोन कृती असल्या की कोणता गुण कोणत्या कृतीचा हे कळत नाही. म्हणून मुद्दा फोडला. ‘दोन खुणांवरून रुग्णाची ओळख पटवणे’ आणि ‘केसपेपरमध्ये संमतीपत्र असल्याची खात्री करणे’ असे दोन मुद्दे दुसऱ्या फेरीला गेले आणि दोन्ही मान्य झाले.

नवव्या मुद्द्याची अडचण उलटी होती. ‘पिशवी अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणणे’ याला दहापैकी नऊ जणांनी ३ किंवा ४ दिले. निर्देशांक ०.९०, म्हणजे मुद्दा थाटात पास. १ देणाऱ्या एकट्या होत्या त्या रक्तपेढीच्या अधिकारी. त्यांनी शेऱ्यात लिहिले की रक्त शीतसाठ्यातून बाहेर आल्यावर ३० मिनिटांच्या आत चढवायला सुरुवात व्हावी, कारण बाहेर राहिलेल्या पिशवीत जंतुवाढीचा धोका वाढतो. भराभर आणि मोठ्या प्रमाणावर रक्त द्यायचे असेल तर ब्लड वॉर्मर वापरतात, पिशवी टेबलावर ठेवून देत नाहीत. डेल्फीचा खरा उपयोग इथे दिसतो. दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये नऊ विरुद्ध एक एवढाच आकडा गेला असता, तर त्या एकटीवरच आपले मत बदलण्याचा दबाव आला असता. सोबत तिचे कारण, नाव न सांगता, जसेच्या तसे गेले, आणि दुसऱ्या फेरीत मुद्दा उंबरठ्याच्या खूप खाली घसरला. मुद्दे मार्गदर्शक सूचनांशी आधीच काटेकोर ताडले असते तर तो पहिल्या फेरीत आलाच नसता. वॉर्डात वर्षानुवर्षे चालत आलेली सवय मंडळातल्या बहुतेकांना सारखीच असेल, तर ते चुकीच्या गोष्टीवरही एकमत करतात. निर्देशांक ही चूक पकडत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा आहे, कारण तो एक्सेलमध्ये घडतो. सतरावा मुद्दा होता ‘प्रतिक्रिया आल्यास रक्तपेढीचा अहवाल-फॉर्म स्वतः भरणे’. दुसऱ्या फेरीत सात जणांनी तो मान्य केला, तिन्ही इनचार्ज सिस्टरनी नाकारला. निर्देशांक ०.७०, म्हणून मुद्दा तिसऱ्या फेरीत गेला. त्या पंधरवड्यात दोन इनचार्ज सिस्टरना ड्युटीमुळे उत्तर द्यायला जमले नाही. शीटमधले सूत्र असे होते :

```
=COUNTIF(B18:K18,">=3")/COUNT(B18:K18)
```

`COUNT` रिकामे कप्पे मोजत नाही. त्यामुळे छेद १० वरून ८ वर आला आणि निर्देशांक ७/८, म्हणजे ०.८८ झाला. मुद्दा पास! खरे तर एकाही सदस्याने आपले मत बदललेले नव्हते, विरोध करणारे दोघे यादीतून गेले एवढेच. ही गोष्ट ओळखायची तर दोन्ही फेऱ्यांना उत्तर देणाऱ्या आठ जणांचेच दुसऱ्या फेरीतले गुण वेगळे काढून पाहावेत. तेव्हाही ते ७/८ च असतील, तर तिसऱ्या फेरीत मताची काहीच हालचाल झालेली नाही. प्रत्येक फेरीत किती जणांना फॉर्म पाठवला आणि किती जणांचा परत आला हे तक्त्यात द्यावे. गळालेले सदस्य कोणत्या गटातले होते हेही लिहावे.

शिवाय या मुद्द्यावरचा विरोध विखुरलेला नव्हता. कॉलेजच्या बाजूचे सगळे एकीकडे, वॉर्डाच्या बाजूचे सगळे दुसरीकडे. हा फॉर्म नर्सने भरावा की रेसिडेंट डॉक्टरने, याचे उत्तर प्रत्येक रुग्णालयात वेगळे असू शकते. अशा वेळी चौथी फेरी घेऊन सिस्टरना वळवण्यात काही हशील नाही. मुद्दा ‘एकमत झाले नाही’ म्हणून नोंदवावा, कारणासह प्रबंधात ठेवावा आणि साधनात त्या जागी ‘फॉर्म कोण भरतो हे विचारून त्याला माहिती पुरवणे’ असे काही घालता येते का ते पाहावे. मतभेदाचा हा नकाशा पुढच्या संशोधकाला ०.८८ पेक्षा जास्त उपयोगी पडतो.

निनावीपणाबद्दल नाशिकसारख्या शहरात जरा जास्तच सांभाळावे लागते. परिचर्या शिक्षणाचे वर्तुळ लहान आहे, मंडळातल्या दोघी एकमेकींच्या विद्यार्थिनी किंवा परीक्षक राहिलेल्या असतात. सर्वांचा व्हॉट्सॲप गट केला की डेल्फी तिथेच संपली. ज्येष्ठ मॅडमनी ‘हा मुद्दा ठेवा’ म्हटले की खाली अंगठे सुरू होतात. फॉर्मची लिंक प्रत्येकाला स्वतंत्र पाठवावी, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्यांची यादी फक्त संशोधकाकडे असावी. शेऱ्यातून माणूस ओळखू येत असेल, उदाहरणार्थ ‘आमच्या रक्तपेढीत’, तर तेवढे शब्द सामान्य करून पुढे पाठवावेत. मंडळातले तज्ज्ञ हेही अभ्यासाचे सहभागी आहेत, म्हणून त्यांची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता पहिल्या फेरीआधी हवी.

सगळ्या फेऱ्या पार करून आलेली चेकलिस्टही लगेच परीक्षेला लावता येत नाही. ‘संभाव्य प्रतिक्रियांची जाणीव ठेवणे’ या मुद्द्याला मंडळाने पैकीच्या पैकी दिले, कारण मुद्दा महत्त्वाचाच आहे. पण ऑस्कीच्या स्टेशनवर परीक्षकाला जाणीव दिसत नाही. दिसते ते असे : विद्यार्थ्याने पहिली १५ मिनिटे थेंबांचा वेग कमी ठेवला, रुग्णाजवळ थांबून थंडी, खाज, कंबरदुखी विचारली आणि १५ मिनिटांनी तापमान, नाडी, रक्तदाब नोंदवला. मुद्दा संबद्ध आहे का एवढेच आशय-वैधता सांगते. दोन परीक्षक एकाच विद्यार्थ्याला पाहून एकाच रकान्यात खूण करतात का, हे पायलटमध्ये दोघांना एकाच वेळी शेजारी बसवून, एकमेकांचा कागद न पाहता गुण द्यायला लावून तपासावे लागते.