सेल्समनचे कमिशन: टप्प्याटप्प्याने हिशेब कसा होतो?

आमच्याकडे पगारपत्रकाचे काम देणाऱ्या दुकानदार व वितरकांसाठी

वीजबिलात पहिल्या 100 युनिटांचा दर वेगळा आणि पुढच्या युनिटांचा वेगळा असतो. 101 वे युनिट जळले म्हणून आधीची शंभर युनिटे महाग होत नाहीत. टप्प्याचे कमिशनही असेच मोजायचे असते. तरीही सर्वांत जास्त वाद याच हिशेबावरून होतात, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा, तुमचे दर असे आहेत: महिन्याच्या विक्रीत पहिल्या 1 लाखावर 2 टक्के, त्यापुढे अडीच लाखांपर्यंतच्या रकमेवर 3 टक्के आणि अडीच लाखांवरच्या रकमेवर 5 टक्के. सेल्समनने 2,60,000 रुपयांचा माल विकला. पहिल्या लाखाचे 2,000, पुढच्या दीड लाखाचे 4,500 आणि उरलेल्या 10,000 चे 500 रुपये. एकूण कमिशन 7,000 रुपये.

सगळ्या रकमेला 5 टक्के लावले, तर 13,000 रुपये होतात. तसे ठरले असेल तर द्यावेत, पण मग अडीच लाखांच्या काठावर एका बिलाने कमिशन हजारो रुपयांनी उडी मारते. साहजिकच माणूस महिनाअखेरीस बिले पुढेमागे करू लागतो. टप्प्यांच्या पद्धतीत तो मोह बराच कमी होतो.

एक्सेलमध्ये विक्री A2 मध्ये असेल तर हे सूत्र पुरते:

```
=A2*2%+MAX(0,A2-100000)*1%+MAX(0,A2-250000)*2%
```

इथे 1% आणि 2% हे दरांतले फरक आहेत (3 वजा 2, 5 वजा 3). सूत्र बरोबर आहे का, हे पाहायला आधी 250000 टाका, मग 250001. उत्तर फक्त 5 पैशांनी वाढले पाहिजे. हजारांनी वाढले, तर वरचा दर सगळ्या रकमेला लागतो आहे.

विक्री जीएसटी वगळून धरा. 18 टक्के जीएसटी असेल तर वरच्याच मालाचे बिल 3,06,800 होते आणि त्यावर कमिशन काढले तर 9,340 रुपये येते. 2,340 रुपये विनाकारण जातात.

परत आलेल्या मालाचे नीट लक्षात घ्या, कारण चूक बहुधा इथेच होते. वरच्या विक्रीतला 20,000 चा माल पुढच्या महिन्यात परत आला, तर मूळ महिन्याची विक्री 2,40,000 धरून हिशेब पुन्हा करावा. कमिशन 6,200 येते, म्हणजे 800 रुपये वळते होतात. तोच माल पुढच्या महिन्याच्या 80,000 च्या विक्रीतून वजा केला, तर 2 टक्क्यांनी फक्त 400 रुपये कापले जातात.

नेमणूकपत्रात असे वाक्य घालावे, असे आम्ही सुचवतो: ‘प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यात येणाऱ्या रकमेपुरताच लागू राहील. विक्री म्हणजे जीएसटी वगळून आणि परत आलेला माल मूळ महिन्यातून वजा करून उरणारी रक्कम.’