रात्रभर चार्जिंग आणि ई-बाईकची बॅटरी

“ई-बाईकची बॅटरी रात्रभर लावून ठेवली की ओव्हरचार्ज होऊन पेट घेते, हे खरं का?”

चार्जर मूळचा असेल, तर तसे सहसा होत नाही. 48 व्होल्टच्या, ओळीने 13 सेल जोडलेल्या बॅटरीचा चार्जर 54.6 व्होल्टवर थांबतो आणि पुढे प्रवाह आपोआप घटत जातो. खरा धोका पिन बसते म्हणून लावलेल्या दुसऱ्या चार्जरचा असतो. 14 सेलच्या बॅटरीचा चार्जर 58.8 व्होल्टपर्यंत चढतो, आणि मग सगळी भिस्त बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटवर उरते.

अर्धी उतरलेली 10 अँपिअर-अवरची बॅटरी 2 अँपिअरच्या चार्जरने साधारण तीन तासांत भरते, त्यामुळे रात्री आठला लावून टायमर साडेअकराला बंद होईल असा ठेवावा, म्हणजे घर जागे असतानाच काम उरकते. बॅटरी गादीवर नव्हे, हवेशीर जागी फरशीवर आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर असावी. फुगलेल्या किंवा भिजलेल्या बॅटरीला मात्र टायमरही वाचवत नाही. ती चार्जिंगला लावूच नये.